उजव्या पंखातली फट

समरकंदकडच्या नुरोता गावात बशोरतने जिचा फोटो काढला नाही अशी नवरी सापडणं एके काळी कठीण होतं. तिची खासियत एकच. ती नवरीला संध्याकाळच्या उन्हाकडे पाठ करून उभी करायची, म्हणजे ओढणीची किनार पेटल्यासारखी दिसायची. चेहरा अर्थातच काळा यायचा. मग रात्रभर संगणकावर बसून ती तो चेहरा हळूहळू उजळायची. गालांवर रंग आणायची, डोळे खुलवायची. पाव्हणेमंडळी म्हणायची, पोरगी आहे त्याहून छान दिसतेय. बशोरत म्हणायची, ती आहेच तशी, अंधारात लपली होती एवढंच.

मग प्रत्येकाच्या हातात फोन आला. नवरीच्या मैत्रिणीच तिचे शंभर फोटो काढू लागल्या. बशोरतचा नवरा एर्गाश बांधकामावर म्हणून रशियात गेला होता, तो तिकडचाच झाला. मुलगी झेबो समरकंदला नर्सिंग शिकत होती. स्टुडिओचं दार आठवड्यातून दोनदाही उघडावं लागेनासं झालं तेव्हा बशोरतने ते बंदच करून टाकलं. लांबचं टिपणारी कॅमेऱ्याची भिंगं मात्र विकली नाहीत. तीच तिला कामाला आली. डोंगराच्या पायथ्याशी माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या होत्या आणि तिथे पक्ष्यांवर नजर ठेवायला माणसं हवी होती. ज्यांच्याकडे मोठी भिंगं आणि तासन्तास एका जागी उभं राहायची सवय आहे, अशांना पहिली पसंती होती. लग्नात नवरामुलगा यायची वाट बघण्यात बशोरतचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

काम ऐकायला सोपं होतं. टेकडीवर उभं राहायचं. मोठा गरुड, गिधाड, मोठा ससाणा असा कुणी पात्यांच्या वाटेवर येताना दिसला की वॉकीटॉकीवर सांगायचं, म्हणजे कंट्रोल रूममधून त्या ओळीतल्या चक्क्या थांबवतात. घारी आणि लहानसहान बाज यांच्यासाठी थांबवायचं नाही, नाहीतर चक्क्या दिवसभर उभ्याच राहतील. म्हणजे सगळा प्रश्न हा, की येतोय तो कोण. आणि येणारा बहुतेक वेळा सूर्याच्या बाजूनेच येतो. लांबून, काळाठिक्कर होऊन.

पहिल्या आठवड्यात बशोरतने एकही पक्षी बरोबर ओळखला नाही. नुसरतुल्ला डोमला तिच्या शेजारी घडीच्या खुर्चीवर बसून असायचे. ते वयाने सत्तरीकडे झुकलेले, विद्यापीठात आयुष्यभर पक्षी शिकवलेले. सगळा परिसर त्यांना डोमला, म्हणजे गुरुजी, असंच म्हणायचा. बशोरत दुर्बीण डोळ्याला लावून म्हणायची, पोट तपकिरी वाटतंय, छातीवर पट्टा आहे बहुतेक. डोमला शांतपणे चहाचा घोट घ्यायचे.

"बशोरत," एक दिवस त्यांनी विचारलं, "दिवेलागणीला तुझी सासू गल्लीच्या टोकाला दिसली तर तू कशी ओळखायचीस? पदराच्या रंगावरून?"

"छातीत धस्स व्हायचं, त्यावरून," बशोरत म्हणाली.

डोमला इतके हसले की चहा सांडला. मग म्हणाले, "बघ म्हणजे. चाल, खांदे, मान. रंग तुला दिसतच नव्हता. इथेही तेच कर. रंग विसर."

आणि ती विसरायला शिकली. सोनेरी गरुड घिरट्या घालताना पंख वर उचलून धरतो, टाळी वाजवायला हात उचलावेत तसे. पंखांची मागची कड अंगाजवळ चिमटते आणि मध्ये फुगते. स्टेपीतला, म्हणजे गवताळ मैदानातला गरुड तरंगताना पंख मनगटापर्यंत सपाट ठेवतो आणि पुढचा भाग खाली झुकवतो, हात टेकून दमलेल्या माणसासारखा. पाणथळीतला भोवत्या हा शिकारी पक्षी जमिनीलगत जातो, पंख वर धरून, झोकांड्या खात. ससाण्याच्या पंखांना टोकं असतात आणि तो ते ताठ, भरभर मारतो. घार तर दुर्बिणीशिवाय कळावी. तिची शेपटी मागे खाचलेली, आणि ती शेपटी एका क्षणासाठी स्वस्थ नसते, नावेच्या सुकाणूसारखी इकडून तिकडे वळत राहते. डोमला सांगायचे की एका फोटोवर कधी विश्वास ठेवू नको, वळणावर असलेला पक्षी कसाही दिसतो. ओळीने पाच-सहा बघ. आणि सूर्य मागे असला की उजेड कडा खातो, पंख आहेत त्यापेक्षा बारीक आणि डोकं आहे त्यापेक्षा छोटं येतं, हे धरून चाल.

आणखी एक गोष्ट त्यांनी तिला वारंवार बजावली. काळा फोटो उजळायचा नाही. उजळला की संगणक आपल्या मनचे तपकिरी, पिवळे ठिपके भरतो आणि आपण त्यांनाच रंग समजून बसतो. ही गोष्ट बशोरतला सगळ्यात जड गेली. वीस वर्षं तिने दुसरं केलं काय होतं?

कंट्रोल रूममध्ये तोहिर बसायचा. हुशार, तिशीतला, जिभेला जरा धार. बशोरतने वसंतात एकदा घारींच्या थव्यासाठी अख्खी ओळ थांबवली होती, तेव्हापासून तो तिला सोडत नव्हता. सकाळी वॉकीटॉकी चालू केला की पहिलं वाक्य त्याचं, "ओपा, आज कुठल्या चिमणीसाठी थांबायचंय?" ओपा म्हणजे ताई. वाक्यात माया होती, पण ते रोज ऐकून बशोरत थोडी बिचकायला लागली. शंका असली की ती आता गप्प राहू लागली.

त्या वर्षी डोंगराच्या कड्यावर पांढऱ्या गिधाडांची एक जोडी घरटं करून होती. ओळीपासून फार लांब नाही. मोठ्या गिधाडांच्या मानाने हे छोटंसंच, पिवळ्या तोंडाचं, हडकुळ्या मानेचं, जगात दिवसेंदिवस कमी होत चाललेलं. कपारीत एक पिल्लू होतं. उन्हाळाभर डोमला रोज कड्यासमोर जाऊन त्याला बघून यायचे आणि परत आले की बशोरतला त्याचा वृत्तांत द्यायचे. आज पंख ताणले, आज उडी मारल्यासारखं केलं. ऑगस्ट लागला तेव्हा ते कपारीच्या तोंडाशी उभं राहून पंख फडफडवायला लागलं होतं. आता आठ-दहा दिवसांत झेपावेल, असं डोमला म्हणाले.

त्याच सुमारास मोठ्यांपैकी एक दिसेनासं झालं. दोन्ही सारखीच दिसतात, पण ठरल्या वेळी घास घेऊन येणारं एकटंच यायला लागलं. पहिल्या दिवशी कुणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी डोमला कड्यासमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबून आले. शनिवारी, चक्क्यांच्या पायथ्याशी मेलेले पक्षी शोधत फिरणाऱ्या माणसांना मावळतीच्या ओळीतल्या शेवटच्या चक्कीखाली पांढऱ्या पिसांचा भुगा मिळाला, आणि त्यात एक लांब काळं पीस. मातीत कोल्ह्याच्या पावलांचे ठसे होते.

कंपनीच्या साहेबांनी ओळ बंद ठेवायला सांगितली आणि चौकशी लागली. त्या आठवड्यात त्या ओळीसमोरच्या टेकडीवर कोण होतं? बशोरत. गिधाडासाठी थांबवल्याची एकही नोंद नव्हती. गुरुवारी संध्याकाळची तिची नोंद होती ती अशी: छोटा गरुड, फिक्या रंगाचा, ओळीतून पार गेला, थांबवलं नाही.

हा छोटा गरुड आणि पांढरं गिधाड, दोघांचं अंग फिकं आणि पंखांची मागची बाजू काळी. रंगावर गेलं तर कुणीही फसावं. छोट्या गरुडासाठी चक्क्या थांबवायचा नियम नव्हता.

बशोरत त्या दुपारी डब्यातलं काही न खाता आपल्या खोलीत गेली आणि गुरुवारचे फोटो उघडून बसली. आठवत होतं तिला. सूर्य ओळीच्या मागे, डोळ्यांतून पाणी. एक पक्षी समोरून आला, डोक्यावरून गेला. वळताना क्षणभर पोट फिकं दिसलं. आणि तेव्हाच वॉकीटॉकीवर तोहिर काहीतरी गमतीचं बोलत होता. तिने मनाशी म्हटलं होतं, छोटा गरुडच असणार. मग संध्याकाळी फोटो उतरवताना, हात आपोआप चालावेत तशी, तिने काळा भाग उजळला होता. त्यात तपकिरी पाठ दिसली, पायांवर पिसं असल्यासारखं दिसलं. तिला हवं होतं तेच दिसलं.

आता तिने उजळलेलं सगळं पुसलं. फोटो पुन्हा काळे झाले. पहिल्यात पक्षी समोरून येत होता, त्यातून काही कळेना. दुसऱ्यात तो अर्धा वळलेला. तिसऱ्यात तो पूर्ण पसरलेला होता, डोक्यावर. डोकं एवढंसं, पुढे टोकदार. छोट्या गरुडाचं डोकं रुंद असतं. पंख लांब आणि सरळ कडांचे. आणि शेपटी. छोट्या गरुडाची शेपटी लांबट, मागे सरळ कापलेली. ही मागे निमुळती होत गेलेली, लाकडात ठोकायच्या पाचरीसारखी.

तरीही तिने स्वतःला समजावलं की वळणावर शेपटी दुमडली असेल. मग चौथा फोटो आला. त्यात एक घार होती. खाचेची शेपटी, वाकलेले पंख, शंकाच नाही. घार त्या पक्ष्याच्या पाठीवर झडप घालत होती, दोघांचे पंख जवळजवळ टेकलेले. म्हणजे दोघं कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर. छोटा गरुड घारीपेक्षा लहान असतो. हा पक्षी घारीपेक्षा मोठा होता.

हे कुणाला सांगितलं नसतं तर कुणी विचारलंही नसतं. नोंदीत छोटा गरुड होता आणि फोटोत काळा डाग. पण ती उठली, तोंड धुतलं आणि डोमलांच्या खोलीकडे गेली. तोहिर तिथेच बसला होता. दोघं कोल्ह्याच्या ठशांबद्दल बोलत होते.

"गुरुवारचं ते गिधाड होतं," तिने दारातूनच सांगितलं. "मी चुकले. मी जाऊ दिलं त्याला."

तोहिरने मान खाली घातली. म्हणाला, "ओपा, तुमच्या कानात त्या वेळी मी बडबडत होतो. तेही लिहा मग."

डोमलांनी लिहिण्याचं काहीच काढलं नाही. त्यांनी फोटो मागितले. चौथ्या फोटोपाशी ते थांबले, चष्मा कपाळावर सरकवून पडद्याजवळ गेले, आणि दोन्ही पंखांच्या कडेवरून पेन्सिलीचं टोक सावकाश फिरवलं. एकेक पीस, पंखाच्या टोकापासून आत. मग म्हणाले की पंख पूर्ण आहेत, एकही पीस कमी नाही, म्हणजे गुरुवारी ओळ पार करताना त्याला पातं लागलं नव्हतं.

चक्कीखाली सापडलेलं पीस त्यांच्या टेबलावर होतं. ते त्यांनी हातात घेऊन दाखवलं. पिसाची एक बाजू अरुंद, एक रुंद, त्यावरून ते उजव्या पंखाचं आहे आणि लांबीवरून पंखाच्या पुढच्या भागातलं, मधलं, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. देठ स्वच्छ होता. ऑगस्टमध्ये ही गिधाडं जुनी पिसं टाकतात, नवी येतात. हे गळालेलं असू शकतं. आदळून पडलेलंही असू शकतं, देठ स्वच्छ असला तरी. पांढरा भुगा कसलाही असेल.

"म्हणजे?" तोहिरने विचारलं.

"म्हणजे पक्षी जिवंत असेल तर त्याच्या उजव्या पंखात फट असणार," डोमला म्हणाले. "आणि फट काळ्या फोटोतही दिसते. उलट काळ्या फोटोतच जास्त दिसते."

त्या संध्याकाळी डोमलांनी टेलिग्रामवरच्या पक्षी बघणाऱ्यांच्या गटात निरोप टाकला. डोंगराच्या चहूबाजूला गेल्या काही दिवसांत कुणी आकाशातल्या मोठ्या पक्ष्याचा फोटो काढला असेल तर पाठवा. वाईट आला असेल, काळा आला असेल, तरी पाठवा. तोहिरने तोच निरोप ट्रकवाल्यांच्या आणि मेंढपाळांच्या गटांत टाकला, कारण त्याचे दोन मामा ट्रकवाले होते.

आणि फोटो येऊ लागले. ते चाळायचं काम बशोरतच्या गळ्यात पडलं. घारी आल्या, ढिगाने. करकोचे आले, लांब पाय मागे सोडलेले. एकाने पतंग पाठवला. एका मेंढपाळाने ताश्कंदला जाणारं विमान पाठवून विचारलं होतं की हेच का तुमचं गिधाड. तोहिरने त्याला उत्तर दिलं की नाही, आमच्या गिधाडाला इतके प्रवासी नेता येत नाहीत. बशोरत हसली, बऱ्याच दिवसांनी. मग पुन्हा पडद्याकडे वळली. एका फोटोत प्रचंड पक्षी होता, फळीसारखे रुंद पंख, आखूड शेपटी. काळं गिधाड ते. एकात पाचरीची शेपटी दिसून ती पडद्याजवळ सरकली, पण पंख फार लांब, टोकाला निमुळते, शेपटीही फार लांब. ते डोंगरातलं दाढीवालं गिधाड, हाडं फोडून खाणारं. तिने एकही फोटो उजळला नाही. बोट दोनदा त्या बटणापर्यंत गेलं आणि दोन्ही वेळा परत आलं.

पुढच्या गुरुवारी नोरबुता नावाच्या ट्रक ड्रायव्हरचा फोटो आला. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला बकऱ्या-मेंढ्यांचा बाजार भरतो, तिथे कत्तलीच्या जागेमागे तो चहा पीत बसला होता आणि त्याने सूर्यासमोर फोन धरला होता. फोटो आदल्या दिवशीचा. पक्षी बरोबर डोक्यावर, पसरलेला. छोटं टोकदार डोकं वरच्या बाजूला, पाचरीची शेपटी खाली. आणि एका पंखात, बोटांसारख्या पिसांच्या आतल्या बाजूला, एक फट. त्या फटीतून उजेडाची बारीक रेघ आली होती.

बशोरतने फोन घट्ट धरला. मग तिचा चेहरा उतरला. फट फोटोच्या डाव्या बाजूला होती.

डोमला चहा करत होते. ती त्यांच्याजवळ जाऊन म्हणाली की गिधाड आहे, फटही आहे, पण डाव्या पंखात. आपलं नव्हे हे, दुसरं कुठलं तरी.

डोमलांनी फोटो बघितला. किटलीत पाणी ओतत म्हणाले, "नवरीचा फोटो काढताना तू कुठे उभी राहायचीस?"

"समोर."

"तिच्या उजव्या हाताची मेंदी तुझ्या कुठल्या बाजूला यायची?"

बशोरतने फोन डोक्यावर उंच धरला आणि खालून फोटो बघितला. नोरबुता जमिनीवर होता. तो पक्ष्याची पाठ बघत नव्हता, पोट बघत होता. पक्षी त्याच्यासमोर तोंड करून उभा असल्यासारखा. हजारो नवऱ्या तिने समोरून बघितल्या होत्या, आणि प्रत्येकीचा उजवा हात तिच्या डाव्या बाजूला आला होता.

"उजवा आहे," ती म्हणाली. "डोमला, उजवा पंख आहे."

डोमलांनी घाई केली नाही. ते म्हणाले की ऑगस्टमध्ये दुसऱ्याही गिधाडाचं तेच पीस गळू शकतं. खात्री एकाच ठिकाणी होईल, घरट्यावर. पण ते स्वतः बूट शोधायला लागले होते, आणि चहा तसाच राहिला.

प्रश्न असा होता की तो घरट्यावर येत असेल तर कुणाला दिसत का नव्हता. तोहिरने नकाशा उघडला. बाजार डोंगराच्या उत्तरेला. गेल्या महिन्यापर्यंत अलीकडच्या गावाजवळही मेलेली जनावरं टाकायची जागा होती, ती बंद झाली होती. म्हणजे पक्षी आता पलीकडे खायला जात असणार, आणि परतताना घळीतून, डोंगराच्या मागून येत असणार. डोमला दिवसातून एकदाच कड्यासमोर जायचे, तेही ऊन चढल्यावर. टेकडीवरची माणसंही तेव्हाच उभी राहायची, कारण मोठे गरुड जमीन तापून हवा वर चढू लागल्याशिवाय उडत नाहीत. पण पांढरं गिधाड हलकं असतं. पंख मारत सकाळीच निघू शकतं. त्या वेळी कुणीच बघत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिघं तोहिरच्या दामासमधून निघाले. ती डबडी गाडी खडकांवरून अशी उडत होती की डोमलांनी दोन्ही हातांनी छत धरलं होतं. घळीच्या तोंडाशी त्यांनी गाडी सोडली आणि कड्याच्या मागच्या बाजूने, जिथून घरटं दिसतं पण त्रास होणार नाही, अशा दगडांमागे बसले. तोहिरने नोनच्या भाकरीत टोमॅटो घालून आणला होता. तो त्याने सगळ्यांना वाटला.

कपारीच्या तोंडाशी पिल्लू उभं होतं, काळपट, भिजल्यासारखं दिसणारं. शेजारी एक मोठं, पांढरं. सूर्य समोरच्या धारेवरून वर आला आणि डोळे दिपले. बशोरतने कॅमेरा खाली घेतला आणि हाताची सावली करून बघत राहिली.

घळीतून एक पक्षी आला. काळा, अगदी काळा, उन्हात बुडालेला. आधी त्याचे पंख मारणं दिसलं, सावकाश आणि खोल, मग थोडं तरंगणं, पुन्हा दोन-तीन वेळा पंख मारणं. घार नव्हे, शेपटी स्थिर होती. पंख सपाट. डोकं एवढंसं. तो कड्याकडे वळला तेव्हा शेपटी पसरली, पाचर स्पष्ट झाली. तोपर्यंत बशोरतच्या हातात कॅमेरा आला होता. पक्षी डोक्यावरून गेला, आणि त्याच्या एका पंखातून उन्हाची रेघ तिच्या डोळ्यात चमकून गेली.

"डावीकडे," तोहिर कुजबुजला. मग स्वतःच म्हणाला, "म्हणजे उजवा. बरोबर ना ओपा?"

ती मान हलवत राहिली. पक्षी कपारीत उतरला, चोचीतलं काहीतरी पिल्लापुढे टाकलं, आणि दोन मोठी आणि एक काळपट अशी तिघं एका ओळीत उभी राहिली. डोमलांनी चष्मा पुसायला काढला तो बराच वेळ पुसतच राहिले.

चौकशीत बशोरतने सगळं सांगितलं, गुरुवारची चूक धरून. साहेबांनी विचारलं की चूक झाली हे तुमच्या लक्षात कसं आलं, तेव्हा तिने घारीचा फोटो दाखवला. तिला काढतील असं तिला वाटलं होतं. काढलं नाही. उलट, शेवटच्या चक्कीसाठी नवा नियम झाला, पिल्लू उडून जाईपर्यंत पहाटे आणि संध्याकाळी ती बंद ठेवायची. तो नियम व्हावा म्हणून सगळ्यात जास्त वाद तोहिरने घातला. टेकडीवर एक माणूस उजाडल्यापासून उभा राहू लागला.

पिल्लू डोमला म्हणाले होते त्यापेक्षा उशिरा उडालं. पहिल्या झेपेत ते खालच्या दगडावर आपटल्यासारखं बसलं आणि अर्धा दिवस तिथेच फुगून राहिलं. दुसऱ्या दिवशी कड्याच्या दोन फेऱ्या मारल्या. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ते आईबापांमागे घळीपार जाऊ लागलं, आणि महिना संपताना एका सकाळी तिघंही नव्हती. दक्षिणेला गेली असणार. डोमला म्हणाले, पहिली काही वर्षं ते परत येणारच नाही, उंडारेल कुठे कुठे. आलं तर आपल्याला ओळखू येणार नाही. बशोरत म्हणाली की नाही आलं ओळखू तरी चालेल.

हिवाळ्यात झेबो सुट्टीला घरी आली तेव्हा जुन्या स्टुडिओचं दार उघडं होतं. भिंतीवरच्या नवऱ्या काढून बशोरतने तिथे काळे पक्षी लावले होते, रांगेने, एकही उजळलेला नाही. पुढच्या मोसमात टेकड्यांवर नवी माणसं येणार होती आणि त्यांना शिकवायचं काम डोमलांनी तिच्याकडे दिलं होतं. त्यांच्या गुडघ्यांना आता चढ झेपत नव्हता. समोर बाकावर गावातल्या चार बाया आणि कंट्रोल रूममधून आलेला तोहिर बसला होता. बशोरत पडद्यावर एक फोटो दाखवून विचारत होती की हा कोण.

"गरुड," एक बाई म्हणाली.

"कशावरून?"

"मोठा आहे."

"कशाच्या शेजारी मोठा?" बशोरतने विचारलं, आणि झेबोकडे बघून तिला आत येऊन बसायची खूण केली.